पॅकर किती लागतील ते सांगणारी शीट: सीझनभर वापरल्यानंतर

शीट ४९९ रुपयांना घेतली. आता त्यातला एक आकडा बदलायचाय तर विकणारा म्हणतो, "अनलॉक व्हर्जनचे वेगळे ७०० होतील." टेम्प्लेटपेक्षा कुलूप महाग! त्या रागातच हे लिहितोय, त्यामुळे त्या एका आकड्यावर जरा जास्तच बोलेन.

तो आकडा म्हणजे ८. मुख्य पानावरचं सूत्र असं:

```
=ROUNDUP(B2/(C2*D2),0)
```

B2 म्हणजे दिवसाच्या ऑर्डरी, C2 म्हणजे एक पॅकर तासाला किती ऑर्डरी बांधतो, आणि D2 म्हणजे तास. D2 मध्ये ८ आहेत आणि तो लॉक आहे.

आमचं काम सोलापूरला, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. टॉवेल, नॅपकिन, चादरी. बायका दहाला येतात. लेबलं छापून, माल रॅकवरून टेबलावर येईपर्यंत पावणेअकरा होतात. कुरिअरची गाडी चारला लागते, म्हणून साडेतीनला पॅकिंग थांबवून स्कॅनिंग सुरू करावं लागतं. मधला अर्धा तास जेवणाचा. उरली २५५ मिनिटं, म्हणजे सव्वाचार तास. गाडी गेल्यावर कितीही हात चालवा, माल उद्याच निघतो आणि उशिराची नोंद मात्र आजचीच होते. हजेरी आठ तासांची द्यावी लागते हे खरं, पण गाडीच्या आधीचे तास आठ नाहीत. शीट बनवणाऱ्याने पगार मोजला, पिकअप मोजलाच नाही.

एक सोमवार बघा. शनिवारी दुपारी १ नंतरच्या १५० ऑर्डरी, रविवारच्या ३६० आणि सोमवारी १ पर्यंतच्या १२०, एकूण ६३०. तासाला ३० चा वेग धरला तर शीट म्हणते ३ पॅकर. त्याच वेगाने सव्वाचार तास धरले तर ५ लागतात.

बरं, शीटला हे ६३० सुद्धा दिसत नाहीत. ती ऑर्डर आलेली तारीख धरते, म्हणून तिच्या आलेखात सगळ्यात उंच दांडा रविवारचा, ज्या दिवशी आमचं शटर बंद असतं! यावर मी वेगळ्या टॅबमध्ये एक कॉलम टाकला. १ नंतरची ऑर्डर पुढच्या दिवसावर ढकलायची आणि रविवार वगळायचा:

```
=WORKDAY.INTL(INT(A2)-1+(MOD(A2,1)>13/24),1,11)
```

A2 मध्ये ऑर्डरची तारीख आणि वेळ एकत्र हवी. उत्तरात पाच आकडी संख्या दिसली तर सेलचा फॉरमॅट तारखेचा करा. शेवटचा ११ म्हणजे सुट्टी फक्त रविवारची. या तारखेवर मोजणी केली की सोमवार बरोबर वर येतो.

इथपर्यंत मी दोनच स्टार देणार होतो. पण "वेळ मोजणी" नावाचा एक टॅब आहे, तो आधी मला निव्वळ सजावट वाटला होता. त्यात मोबाइलवर वेळ लावून एकेक पार्सलची मिनिटं भरायची, बॅग आणि खोका वेगवेगळे. कंटाळत भरलं. आमच्याकडे एका नॅपकिन सेटची कुरिअर बॅग दीड मिनिटात होते. चादर आणि दोन टॉवेल असा खोका घडी, टेप, बिल धरून चार मिनिटं खातो. एरवी दहात आठ बॅगा असतात, म्हणजे ऑर्डरीमागे सरासरी २ मिनिटं, तासाला ३०. दिवाळीच्या आधी लोक भेटीसाठी एकत्र मागवतात आणि निम्मे खोके होतात. सरासरी थेट २.७५ मिनिटांवर जाते. तेच ६३०, पण काम १,७३२.५ मिनिटांचं. भागिले २५५, म्हणजे ७ बायका. ऑर्डर एकही वाढली नाही तरी दोन जास्तीच्या लागल्या!

पूर्वी "ऑर्डरी तेवढ्याच आहेत, मग वेळ का लागतोय?" म्हणून टेबलावर चिडचिड व्हायची, ती या टॅबमुळे थांबली. म्हणून साडेतीन स्टार.

अर्धा स्टार परत कापतो, कारण हा टॅब मुख्य पानाला जोडलेलाच नाही! मोजणी एकीकडे, C2 मधला वेग दुसरीकडे, आणि तो हाताने भरायचा. शिवाय परत आलेल्या पार्सलांचा कॉलम कुठेच नाही. दिवाळीनंतर ती पार्सलं उघडून, माल तपासून परत रॅकवर ठेवायला त्याच बायका त्याच टेबलावर बसतात. तेवढी मिनिटं मी २५५ मधून आधीच वजा करतो.

७०० भरू नका. लॉक असलेल्या सेलमधला आकडा दुसऱ्या टॅबमधून वाचता येतो, तेव्हा तिथे स्वतःचं सूत्र लिहा: ऑर्डरी गुणिले मिनिटं, भागिले गाडीआधीची मिनिटं. ४९९ मात्र त्या मोजणीच्या टॅबसाठी द्यायला हरकत नाही. विकणाऱ्याला D2 बद्दल तीनदा मेसेज केलाय, प्रत्येक वेळी पेमेंटची लिंकच येते.