हायड्रोमीटर, पाण्याची बाटली आणि वस्ताद : आठ महिने वापरल्यावर

मार्चमध्ये नाशिकला लॅबचं सामान मिळतं त्या दुकानातून मी एक संच घेतला. द्रवाची घनता मोजणारा काचेचा हायड्रोमीटर, अर्ध्या लिटरची उभी काचेची नळी, थर्मामीटर आणि फिल्टर पेपरचं पाकीट. पिंपळगाव बसवंतहून दिल्लीच्या आझादपूर मंडईत कांदा नेणाऱ्या दहा चाकी गाडीवर मी दोन वर्षं क्लीनर होतो. लायसन्स हातात आलं तसं वाटलं, आता डिझेलची पारख यंत्रानं करू. गाडीच्या जुन्या ड्रायव्हरनं, म्हणजे माझ्या वस्तादांनी, संच उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "काच आहे. सांभाळ."

काचेची नळी तिसऱ्या ट्रिपलाच फुटली. आता प्लॅस्टिकची वापरतो. थर्मामीटर मात्र फडक्यात गुंडाळून ठेवतो, कारण त्याच्याशिवाय हायड्रोमीटरला काही अर्थ नाही. हे कळायला मला मे महिन्यात ग्वाल्हेरच्या पुढे एका पंपावर सगळ्यांसमोर तोंडघशी पडावं लागलं.

पंपाच्या फलकावर त्या दिवसाची घनता लिहिली होती, ८३२. माझ्या नळीत हायड्रोमीटर ८१३ वर थांबला. मी लगेच आवाज चढवला, भेसळ आहे म्हणून. पंपाचा मॅनेजर चिडला नाही, हेच मला विचित्र वाटलं. वस्ताद खाली उतरले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "तापमान बघितलं का?" बघितलं नव्हतं. थर्मामीटर नळीत सोडला तर पारा ४१ वर. फलकावरचा आकडा १५ अंशांचा असतो. डिझेल तापलं की फुगतं आणि दर अंशाला घनता साधारण ०.७ नं उतरते. २६ अंशांचा फरक, म्हणजे अठराच्या आसपास. ८१३ मध्ये १८ मिळवले की ८३१. फलकाशी ३ पर्यंतचा फरक चालतो, त्यामुळे माल ठीक होता. पंपावर याचा छापील तक्ता असतोच आणि तो मागितला तर दाखवतात. मी त्या मॅनेजरला नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसलो. पुढचे पन्नास किलोमीटर वस्ताद काही बोलले नाहीत. त्यांच्याकडे शिव्या नाहीत, गप्प बसणं आहे.

शिवपुरीच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा ते बोलले. "समज, कुणी दहा लिटरमागं एक लिटर रॉकेल टाकलं. तुझं यंत्र पकडेल?" हिशेब मी चहाच्या टेबलावर बोटानं केला. रॉकेल आठशेच्या आसपास, डिझेल ८३२, दहावा हिस्सा मिसळला तर घनता उतरणार साधारण ३. म्हणजे चालणाऱ्या फरकातच. मोठी चोरी हायड्रोमीटर पकडेल, लहान चोरी सुटून जाईल. पाणी तर तो पकडतच नाही, कारण पाणी तळाशी बसतं आणि हायड्रोमीटर वर तरंगतो.

फिल्टर पेपरनं तर मला पहिल्याच आठवड्यात खट्टू केलं. पेट्रोलचा थेंब उडून जातो आणि चांगलं असेल तर डाग राहत नाही. डिझेलचा डाग चांगल्या मालालाही राहतोच. म्हणजे डिझेलसाठी ते पाकीट फुकट. ते मी सीटखाली टाकून दिलं होतं.

खरी पारख मी जुलैत पाहिली, तीही माझ्याच चुकीमुळे. पहाटे वस्ताद मागच्या बर्थवर झोपले होते. धुळ्याच्या पुढे एका छोट्या पंपावर मी ९० लिटर भरलं. बाजूलाच टँकर रिकामा होत होता. रात्रभर पाऊस पडला होता. वास ठीक, रंग ठीक, घनताही बरोबर. शिरपूर सोडून बिजासन घाटाला लागलो आणि तिसऱ्या वळणावर गाडी दम खाऊ लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी ओढ नाही, मध्येच एक झटका. वस्ताद उठून बसले. त्यांनी इंजिन बंद करायला लावलं, चाकांना दगड लावायला लावले आणि पाण्याची रिकामी बाटली मागितली. बाटली आतून कोरडी आहे का, हे त्यांनी दोनदा विचारलं.

डिझेलमधलं पाणी वेगळं काढणाऱ्या वॉटर सेपरेटरच्या खालचा नॉब सैल करून पाव बाटली काढली. डिझेल गढूळ होतं, ताकाच्या निवळीसारखं. चांगलं डिझेल बाटलीतून पाहिलं तर पलीकडच्या पाटीवरची अक्षरं स्वच्छ दिसतात. आम्ही बाटली कठड्यावर ठेवली आणि अर्धा तास थांबलो. तळाशी दोन गोट्या जमल्या, चिंचोक्याएवढ्या. बाटली हलवली की त्या पाऱ्यासारख्या पळायच्या. "हे तुझं रॉकेल नाही, पाणी आहे," वस्ताद म्हणाले. "टँकर ओतला जातो तेव्हा पंपाच्या टाकीचा तळ ढवळतो. तेव्हा भरायचं नाही. तासभर पुढे जायचं."

सेपरेटर तीनदा रिकामा केला, तेव्हा घाट चढलो. सेंधव्यात फिल्टर बदलला. तेव्हापासून पावसाळ्यात रोज सकाळी स्टार्टर मारण्याआधी नॉब सोडून बाटलीत पाहतो आणि रात्री टाकी भरून ठेवतो. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर घाम धरते आणि तो घाम खाली उतरतो.

मग टाकून दिलेल्या पाकिटाचं काय? सप्टेंबरमध्ये मी मोठ्या खुशीत सांगितलं की आपली गाडी ऑइल खातच नाही, उलट ऑइल मोजायच्या पट्टीवर बोटभर वर आलंय. वस्तादांचा चेहरा उतरला. "ऑइल आपोआप वाढतं होय रे? कशानं?" त्यांनी गाडी सपाट जागी लावायला सांगितली, पंधरा मिनिटं थांबून पट्टी पुसून पुन्हा घातली. मॅक्सच्या खुणेवर अर्धा इंच. ऑइल काळं होतं, पण काळेपणाला वस्ताद विचारत नाहीत. डिझेल इंजिनात नवं ऑइलही काजळीनं लवकरच काळं पडतं.

मग त्यांनी सीटखालून पाकीट काढायला लावलं. पट्टीवरचा एक थेंब कागदावर सोडला आणि कागद काडीपेटीवर आडवा ठेवून दिला, खालून हवा लागेल असा. जेवण होईपर्यंत डाग पसरला. मधे काजळीचा राखाडी गोल, कडेला धूसर होत गेलेला, म्हणजे ऑइल अजून काजळी सांभाळून आहे. ऑइल दमलं असतं तर मधे डांबरासारखा ठिपका आणि धारदार कड दिसली असती. पण त्या राखाडीच्याही बाहेर एक पिवळसर, तेलकट कडं होतं. पट्टीला वास डिझेलचा.

"पाणीही असू शकतं," मी म्हटलं. त्यांनी स्टोव्हवर चमचा तापवला, गाडीपासून लांब, आणि एकच थेंब टाकला. पाणी असतं तर तडतडलं असतं. तडतडलं नाही, नुसता धूर निघाला. इंदूरला मेकॅनिकनं पाहिलं तेव्हा हाय प्रेशर पंपाच्या शाफ्टवरचं सील गेलेलं निघालं. तिथून डिझेल आत झिरपून ऑइलमध्ये उतरत होतं. तसंच चालवलं असतं तर पातळ ऑइलवर बेअरिंग घासलं असतं. सील बदललं, ऑइल आणि फिल्टर बदलला. ऑइल सात हजार किलोमीटरचंच होतं, त्यामुळे मालक कुरकुरला. मी त्याला कागद दाखवला.

एक मर्यादा सांगतो. ऑइलचा जाडपणा कागद मोजत नाही आणि दोन बोटांत चोळूनही तो कळत नाही. बोटांना कचकच लागली तर धातूचा चुरा आहे, एवढंच कळतं. वस्तादही बोटांवर तेवढाच भरवसा ठेवतात.

संचाला पाचपैकी तीन तारे. हायड्रोमीटर मी आता दहापैकी दोन पंपांवर काढतो, नवा पंप असेल तेव्हाच. बाटली रोज लागते, ती फुकटची आहे. फिल्टर पेपर दर पाच हजाराला एक, मागे तारीख आणि किलोमीटर लिहून सनव्हायझरमध्ये खोचतो. आता तिथं तीन कागद आहेत. पहिल्यावर पिवळं कडं आहे, नंतरच्या दोनांवर नाही.