पत्रिकेचा फोटो, इंग्रजी भाषांतर आणि आठव्या घरातला राहू : सात महिन्यांच्या वापरानंतर

फोटो काढला की मजकुराचं भाषांतर करून देणारं एक अ‍ॅप मी सात महिने वापरतेय, तेही एकाच कामासाठी. घरातल्या जुन्या मराठी पत्रिका भाचीच्या होणाऱ्या सासूबाईंना इंग्रजीत द्यायच्या. त्या तमिळ आहेत, मराठी येत नाही, इंग्रजी उत्तम. पत्रिका बघण्यावर त्यांचा विश्वास आहे, माझा बेताचाच. पण समोरच्याने मागितलेला कागद त्याला नीट वाचता यावा एवढं तर आपल्या हातात असतं, म्हणून हे काम मी अंगावर घेतलं. अ‍ॅपचं नाव मुद्दाम देत नाही. असली तीन-चार अ‍ॅप्स पाहिली, सगळ्यांची खोड सारखीच आहे.

पहिल्या दिवशी मी काय केलं, तर भाचीच्या पत्रिकेची चार पानं टेबलावर ठेवून फोटो काढले, भाषांतर झालेली चित्रं तशीच पुढे पाठवली आणि चहा टाकला. संध्याकाळी सासूबाईंचा फोन. आवाज गोड, पण काळजीचा. “आठव्या घरात राहू आहे, हे तुम्ही आधी बोलला नाहीत.” त्यांच्याकडे लग्न जुळवताना राहू-केतू आठव्यात असले की दोष धरतात. मी पत्रिका पुन्हा उघडली. राहू सहाव्या घरात होता.

चूक भाषांतराची नव्हती, आणि म्हणूनच ती सापडायला वेळ लागला. आपल्याकडच्या चौकटीत, म्हणजे तिरप्या रेघांनी केलेल्या बारा खणांत, घरं ठरलेली असतात. वरचा मधला खण पहिला, तिथून डावीकडे उतरत मोजायचं. खणात लिहिलेला आकडा घराचा नसतो, राशीचा असतो : १ मेष, २ वृषभ, असं करत १२ मीन. भाचीचं लग्न, म्हणजे पहिल्या घरातली रास, मिथुन, म्हणून वरच्या खणात ३. तिथून मोजत गेलं की ८ आकड्याचा खण सहावा येतो. म्हणजे राहू वृश्चिक राशीत, पण सहाव्या घरात. अ‍ॅपने देवनागरी आठाचा इंग्रजी आठ केला आणि राहू तिथेच ठेवला, दोन्ही बरोबर. पण दक्षिणेकडच्या चौकोनी कुंडलीत राशींच्या जागा कायम ठरलेल्या असतात. मीन वर डाव्या कोपऱ्यात, पुढे घड्याळाच्या दिशेने, आणि लग्नाच्या खणात तिरपी रेघ. राशीचा आकडा लिहायची गरजच पडत नाही. त्यामुळे आमच्या चौकटीतला आठ त्यांनी ‘आठवं घर’ म्हणून वाचला. कुणीही वाचला असता.

तेव्हापासून मी कुंडलीचं चित्र एकटं कधीच पाठवत नाही. खाली बारा ओळी लिहिते : कितवं घर, कोणती रास, कोणते ग्रह. या पत्रिकेत नवव्या घरात कुंभ रास, तिथे रवि, मंगळ, शनि. सातव्यात धनु, तिथे चंद्र. सहाव्यात वृश्चिक आणि राहू, बाराव्यात वृषभ आणि केतू. अशा बारा ओळी वाचून सासूबाईंचं दोन मिनिटांत समाधान झालं. माझा चहा मात्र तोवर गार.

आता अ‍ॅपच्या खऱ्या चुका. सगळ्यात मोठी ‘लग्न’ या शब्दाची. आपल्याला संदर्भाने कळतं की पत्रिकेतलं लग्न म्हणजे जन्माच्या वेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास. अ‍ॅपला ते फक्त मांडवातलंच माहीत. ‘मिथुन लग्न’चं झालं ‘जेमिनी मॅरेज’, ‘लग्नकुंडली’ झाली ‘वेडिंग हॉरोस्कोप’, आणि लग्नेश म्हणजे ‘लॉर्ड ऑफ मॅरेज’. विनोद म्हणून ठीक, पण विवाह बघतात तो सातव्या घरावरून. वाचणाऱ्याला इंग्रजीत जागोजागी मॅरेज दिसायला लागलं की तो पहिल्या घराबद्दलचं वाक्य विवाहाबद्दलचं समजून बसतो.

दुसरी चूक एकाक्षरी ग्रहांची. छापील चौकटीत शाईच्या पेनाने भरलेलं र, चं, मं, बु, गु, शु, श, रा, के. अ‍ॅपला वाटलं मजकूर हिंदी आहे, मग ‘के’चं झालं ‘ऑफ’. नेपच्यूनचा ‘ने’ हा विभक्तीचा प्रत्यय समजून गायबच केला. हर्षल म्हणजे युरेनस, हे आपल्याकडच्या पत्रिका लिहिणाऱ्यांना इतकं सवयीचं झालंय की ते विल्यम हर्षल या शोधकाचं आडनाव होतं हेही आठवत नाही. अ‍ॅपने तो कुणीतरी मुलगा समजून तसाच ठेवला. भाषा आपोआप ओळखण्याचं बटण बंद करून हाताने मराठी निवडलं तेव्हा निम्मा गोंधळ संपला. नवीन वापरणाऱ्याने पहिलं काम हेच करावं.

उरलेला निम्मा अक्षराचा. बु, गु आणि शु घाईत लिहिले की सारखेच दिसतात. आमच्या पत्रिकेत आठव्या घरातला बुध अ‍ॅपने गुरू वाचला, त्यामुळे गुरू दोन झाले आणि बुध नाहीसा. हे ओळखायला ज्योतिषी व्हावं लागत नाही. आधी नऊ ग्रह मोजा, प्रत्येक एकदाच यायला हवा. बुध रवीपासून फार लांब जाऊच शकत नाही, फार तर २८ अंश, म्हणजे तो रवीच्या राशीत किंवा शेजारच्या राशीत सापडतो. इथे रवि कुंभेत, आणि वादातलं अक्षर शेजारच्या मकरेत, म्हणजे तो बुध असू शकतो. गुरू तर तुळेत स्वच्छ लिहिलेला होताच. राहू आणि केतू नेहमी समोरासमोर, एकापासून दुसरा सातवा. हे तीन हिशेब लावले की चौकटीतल्या बहुतेक चुका पकडल्या जातात. शंका उरलीच, तर ग्रहस्पष्टाच्या तक्त्यात पूर्ण नावं आणि अंश असतात, तिथे बघायचं.

पण मला सगळ्यात जास्त छळलं ते एकाच ग्रहाच्या वेगवेगळ्या नावांनी. पत्रिका लिहिणाऱ्या गुरुजींना नुसतं मंगळ लिहून समाधान नसतं. एका पानावर मंगळ, दुसऱ्यावर भौम, श्लोकात कुज. रवि, सूर्य, भानु. अ‍ॅपने मंगळचं कधी मार्स केलं, कधी ट्यूजडे, कधी ‘ऑस्पिशस’. शनि कधी सॅटर्न, कधी सॅटर्डे. गुरू पहिल्या पानावर ज्युपिटर आणि तिसऱ्यावर टीचर. मूळ नक्षत्राचं ‘ओरिजिनल’ झालं, हस्त नक्षत्राचं ‘हॅन्ड’. योनी या रकान्याचं जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि तेच पान मी होणाऱ्या विहिणींना पाठवलं होतं.

यावर शेवटी जे चाललं ते साधंच आहे. अ‍ॅपकडून थेट भाषांतर घ्यायचं नाही. फोटोतून फक्त मराठी मजकूर काढून घ्यायचा आणि तो आधी तपासायचा. मग स्वतःची शब्दांची यादी लावून ‘शोधा आणि बदला’ करायचं. मंगळ, भौम, कुज या तिन्हींच्या जागी एकच इंग्रजी शब्द, मार्स. त्यानंतर उरलेली वाक्यं भाषांतराला द्यायची. आधीच रोमन लिपीत असलेल्या शब्दांना अ‍ॅप बहुतेक वेळा हात लावत नाही.

यादी करताना काय बदलायचं आणि काय ठेवायचं हे ठरवायला मला दोन आठवडे लागले. ग्रह आणि राशी इंग्रजीत, राहू-केतू मात्र तसेच. नक्षत्रं, गण, नाडी, योनी यांचं भाषांतर नाही, फक्त रोमन अक्षरं. राक्षसगणाचं ‘डेमन’ करून कुणाचं भलं होणार आहे? शिवाय सासूबाईंना हे शब्द थोड्या वेगळ्या उच्चाराने माहीतच आहेत. घरांना नावं द्यायची नाहीत, आकडेच द्यायचे. मृत्युस्थान म्हणजे फक्त आठवं घर. आणि लग्न म्हणजे असेन्डन्ट, सगळीकडे.

एक गंमत म्हणजे विंशोत्तरी दशेचं पान स्वतःच तपासणीला उपयोगी पडतं. प्रत्येक ग्रहाची वर्षं ठरलेली : केतू ७, शुक्र २०, रवि ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनि १९, बुध १७, एकूण १२०. नाव कसंही आलं तरी १९ वर्षं दिसली की तो शनि.

तारखेचंही सांगते. पत्रिकेवर शके १९१५, माघ वद्य होतं. अ‍ॅपने १९१५ हा इंग्रजी सालासारखा तसाच सोडला, आणि भाचीने मला फोन करून विचारलं, “मावशी, मी एकशे दहा वर्षांची दिसते का गं?” शकात ७८ मिळवले की १९९३ येतं, पण शक पाडव्याला बदलतो आणि माघ येईपर्यंत इंग्रजी साल उलटलेलं असतं. म्हणून इथे ७९ मिळवायचे, १९९४. वेळही तशीच. ‘सूर्योदयात् इष्ट घटी १७ पळे ३०’ हे अ‍ॅपने १७:३० करून टाकलं, म्हणजे संध्याकाळचे साडेपाच. एक घटी २४ मिनिटांची, म्हणून साडेसतरा घटी म्हणजे सूर्योदयानंतर सात तास. सूर्योदय ६ वाजून ४६ मिनिटांचा, म्हणजे जन्म दुपारी पावणेदोनच्या सुमाराचा. बहिणीलाही विचारून घेतलं. ती म्हणाली, “जेवणाची वेळ होती, मला नीट आठवतंय.”

सात महिन्यांत सहा पत्रिका केल्या. पहिलीला चार संध्याकाळी लागल्या, आता यादी तयार असल्यामुळे एकीला दीड तास. छापील मजकुरासाठी अ‍ॅपला पाचपैकी चार देईन, हाताने लिहिलेल्यासाठी दोन, आणि कुंडलीच्या चौकटीसाठी शून्य. ती चौकट आजही मी स्वतःच भरते, आणि सासूबाईंसाठी शेजारी त्यांच्या पद्धतीचे चौकोन काढून देते. वडिलांच्या पत्रिकेचा मागचा अर्धा भाग मोडीत आहे. त्याचा फोटो दिला तेव्हा अ‍ॅपने ‘मजकूर सापडला नाही’ असं सांगितलं, तिथे मी त्याला दोष देत नाही. मलाही सापडत नाही.

गेल्या आठवड्यात सासूबाईंनी मुलाची पत्रिका पाठवली. तमिळमध्ये.