संक्रांतीचं हळदीकुंकू: ग्रुपवर टाकावं, एकेकीला कळवावं की दारी जाऊन बोलवावं?

बडोद्यात संक्रांतीचं हळदीकुंकू करायचं ठरवलं की पहिला अडथळा तारखेचा. रीतीप्रमाणे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येतं, पण हा काळ दर वर्षी सारखा नसतो. 2025 मध्ये रथसप्तमी 4 फेब्रुवारीला होती, म्हणजे तीन आठवडे हातात होते. 2026 मध्ये ती 25 जानेवारीलाच आली. त्यातही 14 तारखेला उत्तरायण. गुजरातेत त्या दिवशी अख्खं शहर गच्चीवर असतं, दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण म्हणून पुन्हा गच्चीवर, आणि आपल्याकडे तोच किंक्रांतीचा दिवस. रविवार 18 ला अमावास्या. नोकरी करणाऱ्या बायकांना रोजच्या दिवशी सातच्या आत घरी पोचणं कठीण. उरले शनिवार 17, शनिवार 24 आणि रविवार 25. साहजिकच प्रत्येक मराठी घराचं हळदीकुंकू याच तीन संध्याकाळी येऊन पडतं.

म्हणून बोलावणं कसं पोचवता याला एरवीपेक्षा जास्त महत्त्व येतं. एका संध्याकाळी तीन घरी जायचं असलेली बाई ज्या घरचं बोलावणं तिला नेमकं, वेळेसह आणि तिच्या नावाने मिळालंय, ते घर आधी धरते.

एक घर डोळ्यांसमोर ठेवू. मांजलपुरातली सोसायटी, शनिवार 24 तारीख, पंचेचाळीस जणींना बोलवायचंय. त्यातल्या वीस इमारतीतल्या, बहुतेक गुजराती, दोन-तीन जैन घरं. पंधरा जणी दांडियाबाजार, रावपुरा, वाडी इथल्या जुन्या मराठी ओळखीच्या, काही सासूबाईंच्या वयाच्या. दहा जणी ऑफिसातल्या आणि मुलांच्या शाळेतल्या आया. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या मंगळबाजारातून आणायच्यात, म्हणजे आकडा आधी कळायला हवा.

सोसायटीच्या वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच निरोप टाकणं सगळ्यांत सोपं, आणि या घरासाठी सगळ्यांत कमी उपयोगाचं. कारण अगदी साधं आहे. अशा ग्रुपवर बहुतेक घरांतून एकच नंबर असतो, आणि तो बहुधा यजमानांचा असतो. पाण्याची टाकी, लिफ्टची दुरुस्ती, पार्किंगची भांडणं यांच्यामध्ये तुमचं हळदीकुंकू येतं. ते वाचतात, अंगठा दाखवतात आणि घरात सांगायचं राहून जातं. तो अंगठा तुम्ही होकार म्हणून धरता आणि वाटी जास्तीची घेता. शिवाय ग्रुपवरचं बोलावणं सगळ्यांना असतं. ज्या वीस जणींना बोलवायचंय त्यांच्याखेरीज उरलेल्या घरांनाही ते गेलं, आणि कोणी आलंच तर वाण कमी पडू देता येत नाही. ग्रुपवर मतदान टाकण्याची सोय आहे, पण कोणी 'येणार' निवडलं आणि कोणी 'नाही' हे सगळ्यांना दिसतं. शेजारधर्मात अशी उघड नोंद नको. सगळी इमारतच बोलवायची असेल आणि बायकांचा वेगळा ग्रुप असेल, तरच हा मार्ग धरावा.

ब्रॉडकास्ट यादी करून प्रत्येकीला तोच निरोप पाठवणं दिसायला छान असतं, कारण तो तिच्या एकटीच्या खिडकीत येतो. मात्र तिच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला नसेल, तर यादीतून पाठवलेला निरोप तिला मिळतच नाही. नव्याने राहायला आलेल्या गुजराती शेजारणीकडे तुमचा नंबर असतोच असं नाही, आणि तिलाच तर मुद्दाम बोलवायचं असतं. एकच टिकचिन्ह बराच वेळ तसंच राहिलं तर संशय घ्यावा. ऑफिसातल्या आणि शाळेतल्या दहा जणींसाठी मात्र हीच पद्धत योग्य आहे. त्या रोज संपर्कात असतात, उत्तरही पटकन देतात.

कुंकवाचा करंडा घेऊन दारोदार जाणं ही आपली मूळ पद्धत, आणि इमारतीतल्या वीस जणींसाठी माझं मत तिच्याच बाजूने आहे. यात वेळ जातो, हे खरं. प्रत्येक दारात पाच मिनिटं धरली तरी दोन संध्याकाळी जातात, कारण गुजराती घरात 'आवो, बेसो' झाल्याशिवाय कोणी सोडत नाही. पण दारात उभं राहून दोन गोष्टी सांगता येतात ज्या लिहून नीट जमत नाहीत. एक, हे काय असतं. बडोद्याच्या बहुतेक गुजराती बायकांना हळदीकुंकू माहीत असतं, पण बाहेरून आलेल्या कुटुंबाला ते पूजा आहे की जेवण, किती वेळ बसायचं, काही घेऊन यायचं का, यातलं काही ठाऊक नसतं. दहा मिनिटं आलात तरी चालेल आणि काहीही आणायचं नाही, एवढं सांगितलं की ती मोकळी होते. दुसरी गोष्ट कपड्यांची, आणि तिच्यावर जरा थांबायला हवं.

आपल्याकडे संक्रांतीला काळं नेसतात. काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, हे आपल्याला इतकं सवयीचं की निरोपात आपण सहज 'काळी साडी' लिहून टाकतो. शेजारच्या बाईला मात्र शुभकार्याला काळं नेसू नये असं लहानपणापासून सांगितलेलं असतं. ती एक तर गोंधळते, किंवा आपलं बघून नाइलाजाने काळं शोधत बसते, किंवा रंग जमत नाही म्हणून येतच नाही. म्हणून रंगाची सूचना हुकमासारखी देऊ नये. 'आमच्याकडे संक्रांतीला काळं नेसतात, म्हणून आम्ही काळ्यात दिसू. तुम्ही आवडेल ते नेसा' असं म्हटलं की तिला कारणही कळतं आणि मोकळीकही मिळते. मराठी मैत्रिणींना कपड्यांबद्दल काही सांगायची गरज नाही. फक्त फोटो काढायचे असतील आणि सगळ्याजणी काळ्यात हव्या असतील तर तेवढं स्पष्ट लिहावं.

दांडियाबाजारच्या मावशींना, काकूंना फोनच करावा. त्यांच्यासाठी वॉट्सअ‍ॅपचा निरोप म्हणजे बोलावणं नव्हे, बातमी. फोनवर त्यांच्या येण्याजाण्याची सोयही बोलता येते. वाडीतून मांजलपूरला एकट्या रिक्षाने येण्यापेक्षा दोघी-तिघी मिळून येतील, तर कोण कोणाबरोबर येतंय हे तुम्हीच जुळवून द्या. या वयाच्या बायका 'बघू, जमलं तर' म्हणतात. त्याचा अर्थ सोबत मिळाली तर नक्की येतील असा असतो.

छापील कार्ड या कार्यक्रमाला जड वाटतं. सत्यनारायण किंवा वास्तुशांत सोबत असेल तर ठीक.

वेळ ठरवताना इमारतीतल्या जैन घरांचा विचार आधी करा. जानेवारीच्या शेवटी बडोद्यात सूर्य सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो. चोविहार पाळणारी बाई त्यानंतर काही घेत नाही. तुम्ही सहा ते आठ लिहिलं तर ती येईल, हळदकुंकू घेईल आणि खायची बशी तशीच ठेवेल. साडेचारपासून सुरुवात केली तर हा प्रश्न मिटतो. खाण्यात बटाटा आणि कांदा-लसूण नाही हे दारातच सांगून टाकावं, नाही तर ती विचारायला संकोचते.

आता होकार मागण्याबद्दल. हळदीकुंकू हे मुळात येऊन जायचं बोलावणं. त्यात 'येणार का ते कळवा' म्हटलं की जुन्या वळणाच्या बाईला ते टोचतं. बोलावलंय आणि वर पक्कं विचारतात, असं वाटतं. पण वाट्या आणायच्या तर आकडा लागतोच. यावर मला पटलेला उपाय म्हणजे येणार का विचारूच नये, कधी येणार ते विचारावं. साडेचार ते सहा, की सहा ते आठ? उत्तर देणारी आपसूक होकारही देते, आणि पंचेचाळीस जणी एकाच तासात दिवाणखान्यात येण्याचं टळतं. मराठी मैत्रिणींना पाठवायचा निरोप मी असा लिहीन:

'शनिवार 24 जानेवारी, दुपारी साडेचार ते रात्री आठ, आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. सगळ्याजणी यायचंच आहे. साडेचार ते सहा सोयीचं की सहानंतर, एवढं गुरुवारपर्यंत कळव, म्हणजे नीट बसून बोलता येईल. आईंनाही घेऊन ये.'

दारी जाऊन आल्यावर गुजराती शेजारणीला त्याच रात्री दोन ओळी पाठवाव्यात: 'शनिवारे सांजे साडा चारथी आठ हळदी-कंकु माटे जरूर पधारजो. तमने कया समये फावशे ते जणावजो.' ज्या नंबरवर पाठवताय तो तिचाच आहे ना, हे दारात विचारून घेतलेलं असावं.

निरोपात 'सौ.' आणि 'सुवासिनींनी' हे शब्द मी घालणार नाही. ज्या घरात नवरा गेलेली सून किंवा एकटी राहणारी आई आहे, तिथे या एका शब्दाने दार बंद होतं, आणि ती काही न बोलता राहते. 'सगळ्याजणी' लिहिलं, तर मग ती आल्यावर तिलाही हळदकुंकू, तिळगूळ आणि वाण तितक्याच सहजतेने द्यायचं, हे घरातल्या मोठ्यांशी आधी बोलून ठेवलेलं बरं. बोलावून मग ताट मागे घेण्याइतकं लागणारं दुसरं काही नाही.

निरोप कधी पाठवायचा? उत्तरायणाच्या आधी पाठवलेला पतंगांच्या शुभेच्छांत बुडतो. 24 तारखेच्या कार्यक्रमासाठी 16 आणि 17 ला दारोदार जाणं आणि फोन, 18 ला ऑफिस-शाळेच्या मैत्रिणींना निरोप, 22 च्या गुरुवारी रात्री मोजणी, आणि शुक्रवारी मंगळबाजार. मोजणीत कळवलेल्या जणी धरा, फोनवर 'जमलं तर' म्हणालेल्या मावशीही धरा, कारण त्या येतातच. इमारतीतल्या ज्यांनी काहीच कळवलं नाही, त्यांच्यापैकी निम्म्या धरा. शेजार आहे, दिवा लागलेला आणि चपला दिसल्या की चार पावलं चालून येतात. समजा अशा रीतीने चौतीस जणी झाल्या, तर वाट्या चाळीस घ्याव्या. कोणाबरोबर नणंद किंवा पाहुणी येते, आणि उरलेल्या वाट्या घरात वापरता येतात.

ज्यांचं उत्तर नाही त्यांना पुन्हा 'कळवलं नाहीस' असं लिहू नका. शनिवारी सकाळी फक्त 'आज वाट बघते, आठपर्यंत केव्हाही' एवढंच पाठवा, आणि इमारतीत खाली भेटलेल्या प्रत्येकीला तोंडाने सांगा.