अल्फा, ट्रेनॉर आणि शार्प: आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी मी स्वतःच्या गुंतवणुकीची एक शीट केली. त्यात एका सक्रिय फंडाचे ६० महिन्यांचे परतावे, बाजार निर्देशांकाचे तेवढेच परतावे आणि बिनजोखीम दर भरला, आणि दर महिन्याला अल्फा, ट्रेनॉर गुणोत्तर व शार्प गुणोत्तर बघू लागलो. पहिले तीन महिने मी फक्त अल्फाचा रकाना वाचत होतो. ती चूक होती.

वार्षिक आकडे असे होते: बिनजोखीम दर ६ टक्के, बाजाराचा परतावा १२ टक्के, प्रमाण विचलन १६ टक्के. फंडाचा परतावा १३ टक्के, बीटा ०.८, म्हणजे बाजार एक टक्का हलला की फंड सरासरी ०.८ टक्के हलतो, आणि प्रमाण विचलन २० टक्के. सिक्युरिटी मार्केट लाइन, म्हणजे बीटानुसार अपेक्षित परतावा सांगणारी रेषा, तिच्यावर ०.८ बीटाला ६ + ०.८ × ६, म्हणजे १०.८ टक्के परतावा अपेक्षित आहे. फंडाने १३ दिले, म्हणून अल्फा २.२ टक्के. ट्रेनॉर म्हणजे बिनजोखीम दराच्या वरचा परतावा भागिले बीटा: ७ ÷ ०.८ = ८.७५, बाजाराचे ६. फंड स्पष्टपणे पुढे. पण शार्पमध्ये तेच ७ आपण एकूण विचलनाने भागतो: ७ ÷ २० = ०.३५, आणि बाजाराचे ६ ÷ १६ = ०.३७५. इथे फंड मागे.

माझा पहिला संशय सूत्रावर गेला, आणि तिथे खरोखरच एक चूक सापडली. मी फंडाच्या कच्च्या परताव्यांवरून INTERCEPT काढत होतो आणि शीट अल्फा ३.४ दाखवत होती. बिनजोखीम दर दोन्हीकडून वजा केला नाही, तर अल्फात बिनजोखीम दर × (१ − बीटा) एवढी भर पडते. इथे ६ × ०.२ = १.२ टक्के. बीटा एकाहून कमी असलेला प्रत्येक फंड त्यामुळे फुकट हुशार दिसतो, आणि जास्त बीटाचा फंड विनाकारण मार खातो. आता D रकान्यात फंडाचे आणि E रकान्यात निर्देशांकाचे दर वजा केलेले परतावेच असतात:

```
=SLOPE(D2:D61,E2:E61)
=INTERCEPT(D2:D61,E2:E61)*12
=RSQ(D2:D61,E2:E61)
```

दुरुस्तीनंतरही ट्रेनॉर आणि शार्पचा विरोध तसाच राहिला, कारण तो हिशेबाचा दोष नव्हताच. खरं कारण RSQ च्या तिसऱ्या ओळीत होतं. फंडाच्या विचलनातला बाजारामुळे आलेला भाग ०.८ × १६ = १२.८ टक्के. वर्ग करून वजाबाकी केली की उरतो सुमारे १५.४ टक्के, हा फंडाचा स्वतःचा चढउतार. आर-स्क्वेअर, म्हणजे विचलनाच्या वर्गातला बाजारामुळे आलेला वाटा, फक्त ०.४१. ट्रेनॉर आणि अल्फा हा चढउतार मोजतच नाहीत. तो इतर गुंतवणुकीत विरघळून जातो असं ते धरून चालतात. शार्प तो पूर्ण मोजतो. (जुन्या लेखनात ‘व्होलॅटिलिटी’ हा शब्द बीटासाठीही आढळतो. त्यामुळे एखादं गुणोत्तर नावावरून ओळखू नका, छेदात काय आहे ते बघा.)

आणि माझे तर सगळे पैसे त्या एकाच फंडात होते. विरघळायला दुसरं काही नव्हतंच. माझ्यासाठी लागू पडणारा आकडा ०.३५ होता, आणि मी तीन महिने ८.७५ कडे बघून समाधानी होतो.

मग फंड विकायचा का? इथे अल्फा पुन्हा कामाला आला. अल्फा धन असेल तर निर्देशांकात त्या फंडाचा थोडा वाटा मिसळल्यावर शार्प सुधारतं. हिशेब केला: ३७ टक्के फंड आणि ६३ टक्के निर्देशांक घेतल्यावर बिनजोखीम दराच्या वरचा परतावा ६.३७ टक्के, विचलन १५.९ टक्के, शार्प ०.४०. एकट्या फंडापेक्षाही चांगलं आणि एकट्या निर्देशांकापेक्षाही. म्हणजे दोन्ही मापं खरं बोलत होती. एक संपूर्ण रकमेबद्दल, दुसरं त्यातल्या एका तुकड्याबद्दल.

तक्रार एकच, पण मोठी. हे ३७ टक्के २.२ च्या अल्फावर उभे आहेत, आणि पाच वर्षांच्या आकड्यांवर त्या अल्फाची प्रमाण त्रुटी १५.४ ÷ √५, जवळपास ६.९ टक्के येते. खरा अल्फा शून्य किंवा ऋण असण्याची शक्यता अजिबात लहान नाही. याच चढउतारात त्रुटीच्या दुप्पट अल्फा दिसायला सुमारे १९५ वर्षांचे आकडे लागतील. शिवाय निर्देशांक बदलला की बीटा बदलतो, आणि बीटा बदलला की अल्फाही. रिचर्ड रोल यांनी १९७७ मध्ये घेतलेला आक्षेप याच मुळाशी जातो, की खरा ‘बाजार’ आपण मोजूच शकत नाही.

म्हणून सध्या मी फंडाचा वाटा ३७ नव्हे, २० टक्के ठेवला आहे, आणि अल्फाच्या शेजारी त्याच्या त्रुटीचा नवा रकाना घातला आहे.