इंट्राडे, स्विंग की लाँग टर्म? आधी खर्चाचा हिशेब मांडा

शेअर घेऊन त्याच दिवशी विकणं म्हणजे इंट्राडे, काही दिवस किंवा आठवडे ठेवणं म्हणजे स्विंग आणि कित्येक वर्षं ठेवणं म्हणजे लाँग टर्म. या तिन्हींतून निवडताना बहुतेक जण विचारतात, पैसा जास्त कशात? मी आधी विचारतो, वर्षात सौदे किती करणार? कारण खर्च प्रत्येक सौद्याला लागतो.

समजा, इंट्राडेत तुमचं नफ्याचं टार्गेट 1 टक्का आहे आणि स्टॉपलॉस, म्हणजे तोटा जिथे थांबवायचा ती पातळी, अर्ध्या टक्क्यावर. ब्रोकरेज, कर आणि खरेदी-विक्रीच्या भावांतला फरक मिळून सौद्यामागे 0.1 टक्का गेला. आकडा किरकोळ दिसतो. पण आता जिंकलात तर 0.9 मिळतात, हरलात तर 0.6 जातात. खर्च नसता तर शंभरातले 34 सौदे बरोबर आले तरी भागलं असतं; आता नुसतं बरोबरीत सुटायला 40 लागतात. सगळं भांडवल लावून रोज दोन सौदे केले, तर 20 दिवसांत भांडवलाचे 4 टक्के खर्चातच संपतात.

स्विंगमध्ये टार्गेट 8, स्टॉपलॉस 4 आणि खर्च तिप्पट धरला, तरी शंभरातले 36 सौदे बरोबर आले की बरोबरी होते. लाँग टर्ममध्ये तर तोच खर्च कित्येक वर्षांवर पसरतो. बार्बर आणि ओडीन या अभ्यासकांनी 1991 ते 1996 मधली 66,465 अमेरिकी कुटुंबांची खाती तपासली. सर्वात जास्त सौदे करणाऱ्यांना वर्षाला 11.4 टक्के मिळाले, तर बाजाराने 17.9 टक्के दिले होते.

वेळेचं गणित सोपं आहे. इंट्राडेला बाजार सुरू असेपर्यंत स्क्रीनसमोरून उठता येत नाही, त्यामुळे नोकरी सांभाळून तो करू नका असंच मी सांगेन. स्विंगला बाजार बंद झाल्यावर तासभर पुरतो. लाँग टर्मला कंपनीचे निकाल नीट वाचण्याइतका.

स्विंगची खरी परीक्षा रात्री असते. 100 ला घेतलेल्या शेअरला 96 चा स्टॉपलॉस लावलात, रात्री वाईट बातमी आली आणि सकाळी भाव थेट 90 ला उघडला, तर विक्री 90 च्या आसपासच होते. 4 ऐवजी 10 गेले. म्हणून एका शेअरमध्ये भांडवलाचा चौथा हिस्सा असेल, तर हा फटका एकूण अडीच टक्क्यांचा बसतो, हे आधीच पचवता आलं पाहिजे. ज्याला रात्री झोप लागणार नाही त्याने रक्कम कमी करावी. लाँग टर्मवाल्याला भाव निम्म्यावर आलेला पाहूनही कंपनीचा धंदा तपासत बसता आलं पाहिजे. इंट्राडेवाल्याला तोटा झाल्यावर तो लगेच भरून काढायची ऊर्मी आवरता आली पाहिजे, आणि मला हेच सर्वात अवघड वाटतं.

सर्वात महाग पडते ती मधेच बदललेली वाट: इंट्राडेला घेतलेला शेअर पडला म्हणून ‘राहू दे, लाँग टर्म ठेवू’. हे ओळखायला घेण्याआधीच कारण एका ओळीत लिहून ठेवा. त्यात फक्त आजच्या चालीचा उल्लेख असेल, तर बाजार बंद होण्याआधी सौदा काढा, तोट्यात असला तरी.