दुसऱ्यांदा उचललेला पॉवर-अप: वेळ नव्याने सुरू करायची की जोडायची?

वेग दुप्पट करणारा, आठ सेकंद टिकणारा एक पॉवर-अप घ्या. खेळाडूने पहिला उचलला ० सेकंदाला आणि तो चालू असतानाच दुसरा उचलला ५ व्या सेकंदाला. आता वेग कधी उतरायला हवा? काही जण १३ म्हणतील, काही १६. माझ्या गेममध्ये तो उतरत होता ८ व्या सेकंदाला. म्हणजे दुसरा पॉवर-अप गिळंकृत झाला, आवाज वाजला, चमक दिसली, आणि हाती काहीच आलं नाही. १३ की १६ हा वाद नंतरचा, कारण ८ हे उत्तर कोणत्याच नियमात बसत नाही. आधी ते कुठून आलं ते पाहू.

कोड अगदी निरागस दिसत होता. गोडोमध्ये साधारण असा:

```
func pick_up():
    boosted = true
    await get_tree().create_timer(8.0).timeout
    boosted = false
```

एकदा उचलला तर हा अचूक चालतो. दोनदा उचलला की दोन स्वतंत्र टायमर सुरू होतात आणि त्यांना एकमेकांचा पत्ताच नसतो. पहिला टायमर ८ व्या सेकंदाला संपतो आणि `boosted` खाली पाडतो. दुसऱ्याच्या अजून पाच सेकंद बाकी आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दुसरा १३ व्या सेकंदाला येऊन आधीच बंद असलेला दिवा पुन्हा बंद करतो. युनिटीत कोरूटीन आणि `WaitForSeconds` वापरून लिहिलं तरी हीच गत होते.

याच बगचं एक जास्त उपद्रवी भावंड आहे. समजा आपण मूळ वेग लक्षात ठेवून नंतर परत करतो. पहिल्या वेळी लक्षात ठेवला २००, वेग झाला ४००. ५ व्या सेकंदाला दुसऱ्या फेरीने ‘मूळ’ म्हणून लक्षात ठेवला ४००, वेग झाला ८००. ८ व्या सेकंदाला पहिल्या फेरीने २०० परत केला. आणि १३ व्या सेकंदाला दुसऱ्या फेरीने प्रामाणिकपणे ४०० परत केला. आता खेळाडू लेव्हल संपेपर्यंत दुप्पट वेगाने धावतोय. ‘पॉवर-अप कधी कधी उतरतच नाही’ अशी तक्रार आली की बहुतेक वेळा मूळ हेच निघतं.

दोन्हींवर इलाज एकच: टायमर मोजायचे नाहीत, परिणाम संपण्याची वेळ एकाच जागी ठेवायची. वेगही साठवायचा नाही. संपण्याची वेळ अजून पुढे आहे का, एवढं दर फ्रेमला पाहून मूळ २०० वरून तो काढायचा. एवढं झालं की रिफ्रेश आणि एक्स्टेंड यांतला फरक एका ओळीवर येतो:

```
end = max(end, now + d)   # refresh
end = max(end, now) + d   # extend
```

`d` कंसाच्या आत की बाहेर, एवढंच. रिफ्रेश म्हणतं, ‘आत्तापासून पुन्हा आठ.’ एक्स्टेंड म्हणतं, ‘जे उरलंय त्यात आठ मिळव.’ दोन्ही ओळींतला `max` मात्र शोभेचा नाही. एक्स्टेंडमध्ये तो गाळून नुसतं `end += d` लिहिलं तर पहिला पॉवर-अप ८ ला संपतो, पुढचा १०० व्या सेकंदाला उचलला की `end` होतो १६, म्हणजे कधीच सरून गेलेला क्षण. पॉवर-अप उचलताक्षणीच मेलेला. रिफ्रेशमध्ये `max` गाळला तर बग वेगळा, आणि तो तेव्हाच दिसतो जेव्हा वेगवेगळ्या कालावधीचे पॉवर-अप असतात: दहा सेकंद शिल्लक असताना तीन सेकंदांचा छोटा उचलला की दहाचे तीन होतात. बक्षीस घेतल्याची शिक्षा.

आता निवड. दोन्ही नियम एकाच प्रसंगाला लावून पाहिले की फरक नेमका किती ते कळतं. दुसरा पॉवर-अप किती वाजता उचलला, त्यावर शेवट असा ठरतो:

| दुसरा उचलला | रिफ्रेश | एक्स्टेंड |
|---|---|---|
| १ ला | ९ | १६ |
| ५ ला | १३ | १६ |
| ७ ला | १५ | १६ |

दोघांतला फरक म्हणजे उचलण्याच्या क्षणी जुन्यातलं जे उरलं होतं तेवढंच. रिफ्रेश ते उरलेलं फेकून देतो, एक्स्टेंड जपून ठेवतो. त्यामुळे तुमच्या लेव्हलमध्ये दोन पॉवर-अप क्वचितच एकमेकांवर चढत असतील, तर या वादात डोकं घालू नका. रिफ्रेश लिहा आणि पुढे जा. प्रश्न खरा होतो तो दाटीत.

मोठ्या गेमनी काय केलं हे पाहताना एक गंमत सापडते. डूममध्ये (१९९३) अजिंक्यतेचा गोळा उचलला की खेळाडूचा काउंटर सरळ ३० सेकंदांवर बसवला जातो, आधी किती होता ते न विचारता. क्वेकमध्ये (१९९६) क्वाड डॅमेज उचलला की संपण्याची वेळ ‘आत्ता अधिक ३०’. दोन्ही शुद्ध रिफ्रेश. पण क्वेक २ मध्ये (१९९७) क्वाड चालू असताना दुसरा वापरला तर तीस सेकंद जोडले जातात, आणि संपला असेल तरच आत्तापासून मोजणी होते. एकच कंपनी, एका वर्षात नियम बदलला. त्यांनी का बदलला ते मी सांगू शकत नाही, पण त्या गेममधला एक फरक बोलका आहे: क्वेक २ च्या एकट्याने खेळायच्या मोहिमेत क्वाड खिशात ठेवता येतो आणि हवा तेव्हा वापरता येतो. मालकीची वस्तू स्वतः होऊन खर्च केली आणि तिची अर्धी वेळ गायब झाली, तर ती लूट वाटते. वाटेत पडलेली वस्तू अंगाला लागून चालू झाली, तर तसं वाटत नाही.

क्वेक ३ मध्ये (१९९९) क्वाड पुन्हा स्पर्श होताच चालू होतो, तरी तिथेही वेळ जोडलीच जाते. तिथे मला दुसरं कारण दिसतं. एकेकट्याच्या डेथमॅचमध्ये खेळाडू मेला की त्याचा चालू पॉवर-अप उरलेल्या सेकंदांनिशी जमिनीवर पडतो. सात सेकंद उरलेला क्वाड तुम्ही उचलला आणि तुमच्याकडे आधीच वीस आहेत, तर रिफ्रेश (बरोबर लिहिलेला, `max` वाला) तुम्हाला काहीच देणार नाही. बेरीज सत्तावीस देते. कमी-जास्त कालावधीचे तुकडे फिरत असतील तिथे एक्स्टेंडच समजण्यासारखा असतो.

खेळाडूच्या वागण्यावरही नियमाचा परिणाम होतो, आणि हा भाग मी सुरुवातीला अगदीच कमी लेखला होता. रिफ्रेशमध्ये हुशार खेळाडू जमिनीवर पडलेला पॉवर-अप मुद्दाम उचलत नाही. पहिला सरत आला की मग झडप घालतो. नकाशात मोकळं फिरता येत असेल तर हा छान छोटा डाव आहे. पण ज्या गेममध्ये पात्र आपोआप पुढे धावतं, तिथे मागे वळायची सोयच नाही. समोर आलेलं उचललं की सात सेकंद वाया, सोडलं की आठ वाया. खेळाडूच्या हातात निर्णयच नसेल तर रिफ्रेश त्याला नुसता चिडवतो. अशा धावत्या गेममध्ये माझा कल एक्स्टेंडकडे आहे.

मात्र एक्स्टेंड मोकाट सोडता येत नाही. समजा आठ सेकंदांचा पॉवर-अप दर सहा सेकंदांनी मिळतोय. दहा उचलल्यावर घड्याळ ५४ व्या सेकंदावर असतं, परिणाम ८० पर्यंत चालणार, म्हणजे २६ सेकंद शिल्लक. तीस उचलल्यावर शिल्लक ६६. दर पॉवर-अपमागे दोन सेकंद साचत जातात आणि ती उधारी कधीच फिटत नाही. रिफ्रेशमध्येही सहा-सहा सेकंदांनी मिळत राहिला तर परिणाम अखंड चालतो, पण शेवटचा उचलल्यावर फार तर आठ सेकंद. मिळणं थांबलं की खेळ लगेच मूळ पदावर येतो. त्यामुळे अजिंक्यतेसारख्या गोष्टीला मी कधीच मोकळा एक्स्टेंड लावणार नाही. एक मिनिट कुणीच मारू शकत नाही अशा खेळाडूसमोर पुढचे सगळे शत्रू फुकट ठेवलेले असतात.

मधला रस्ता म्हणजे एक्स्टेंडवर छत:

```
end = min(max(end, now) + d, now + cap)
```

छत १६ ठेवलं आणि ११ सेकंद शिल्लक असताना आठवाला उचलला, तर १९ ऐवजी १६ होतात. तीन सेकंद सांडतात. म्हणजे छताजवळ पोचलं की एक्स्टेंड रिफ्रेशसारखाच वागतो. छत `d` एवढंच ठेवलं तर तो रिफ्रेशच होतो, त्यामुळे हा एक आकडा फिरवून दोन्ही नियम खेळून पाहता येतात. (सगळ्या पॉवर-अपचा कालावधी सारखा असेल तरच हं, छतापेक्षा लांब पॉवर-अप आला तर तो छाटला जाईल.) वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये शत्रूवर हळूहळू चालणारे परिणाम पुन्हा लावताना असंच छत आहे: उरलेल्या वेळेतून मूळ कालावधीच्या ३० टक्क्यांपर्यंतच पुढे नेता येते. थोडं लवकर बटण दाबणाऱ्याला माफी, साठेबाजी करणाऱ्याला नाही.

एक्स्टेंड घेतलात तर उरलेली वेळ दाखवणाऱ्या पट्टीकडे लक्ष द्या. रिफ्रेशमध्ये पट्टी म्हणजे उरलेले सेकंद भागिले आठ, कधीच शंभर टक्क्यांवर जात नाही. एक्स्टेंडमध्ये ११ सेकंद उरले असताना तीच पट्टी तीन सेकंद भरलेलीच थांबते आणि खेळाडूला वाटतं गेम अडकला. पट्टी छताच्या मानाने काढा, नाहीतर सरळ आकडा दाखवा.

माझ्या गेममध्ये शेवटी वेगाला १६ च्या छताचा एक्स्टेंड आणि ढालीला रिफ्रेश, असं वेगवेगळं ठेवलं. एकाच गेममध्ये दोन नियम नकोत असं एका मित्राचं ठाम म्हणणं होतं. पण ढाल आमच्याकडे इतकी विरळ येते की दोन ढाली एकमेकांवर क्वचितच चढतात, आणि फरक अजून कुणाच्या नजरेत आलेला नाही.

नियम कोणताही घ्या, तपासायचे क्षण चार: दुसरा पॉवर-अप १ ला, ५ ला, ७.९ ला आणि ८.१ ला उचला आणि परिणाम कधी संपला ते कन्सोलवर छापा. रिफ्रेशला ९, १३, १५.९, १६.१ यायला हवं. एक्स्टेंडला १६, १६, १६, १६.१. ८.१ ला दोघांचं उत्तर सारखंच, कारण उरलेलं काहीच नाही. त्यानंतर एकदा मधेच पॉज करून पाहा. गोडोचा `create_timer` दुसरा आर्ग्युमेंट न दिल्यास पॉजमध्येही चालूच राहतो, आणि खेळाडू फोन घेऊन परत येतो तेव्हा त्याचा पॉवर-अप गेलेला असतो.