फी कमी असलेली दूरची शाळा की फी जास्त असलेली जवळची?

पुण्यात वारज्यात राहणारे एक कुटुंब तिसरीतल्या मुलासाठी दोन शाळांमध्ये निवड करत आहे, असे समजू. बावधनकडच्या सीबीएसई शाळेची फी 62,000 रुपये आहे, तर कर्वेनगरमधल्या राज्य मंडळाच्या खासगी शाळेची 78,000. आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. खऱ्या शाळांचे दर घालून हाच हिशेब करता येईल.

निकाल बहुतांशी बसवर ठरतो. दूरच्या शाळेची बस महिना 2,800 रुपये असेल, तर पहिला प्रश्न दराचा नसून महिन्यांचा आहे. दहा महिन्यांचे 28,000 होतात, पण मे महिन्याचेही पैसे घेतले जात असतील तर अकरा महिन्यांचे 30,800 होतात. फक्त येण्याची किंवा फक्त जाण्याची बस घेतली तर दर निम्मा होईलच असे नाही, त्यामुळे तो आधी विचारून घ्यावा. जवळच्या शाळेत मूल आजोबांबरोबर चालत गेले तर हा खर्च शून्य आहे. घरात सोडायला कोणी नसेल, तर मात्र रिक्षाकाकांचे महिना 1,500 रुपये, म्हणजे दहा महिन्यांचे 15,000 मोजावे लागतील, आणि ते हिशेबात न धरणे ही स्वतःचीच फसवणूक ठरेल.

पुस्तकांतला फरक किमतीपेक्षा खोल आहे. दूरच्या शाळेचा खासगी प्रकाशकांचा संच 6,500 रुपयांचा धरला, तर त्यातल्या वर्कबुकांत उत्तरे लिहिली जातात आणि ती धाकट्या भावंडाला उपयोगी पडत नाहीत. बालभारतीची पुस्तके वह्यांसह 2,200 रुपयांत बसतात, आणि अभ्यासक्रम बदललेला नसेल तर अप्पा बळवंत चौकात जुनीही मिळू शकतात.

गणवेशाचे अनुक्रमे 6,000 आणि 3,600 धरू. दूरच्या शाळेत पीटीचा वेगळा जोड आणि हाउसचा टी-शर्ट लागतो. उपक्रमांत मात्र पारडे उलटते. दूरच्या शाळेत 4,000 रुपये जूनमध्येच एकरकमी घेतले जातात. जवळची शाळा प्रवेशाच्या वेळी काहीच मागत नाही. पण छंदवर्ग, सहल आणि डिसेंबरात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अचानक येणारा गॅदरिंगच्या भाड्याच्या पोशाखाचा निरोप मिळून 8,500 होतात.

अकरा महिन्यांची बस धरून फीव्यतिरिक्त खर्च दूरच्या शाळेत 47,300 आणि जवळच्या शाळेत 14,300 येतो. फी मिळवली की 1,09,300 विरुद्ध 92,300, म्हणजे महाग वाटलेली शाळा 17,000 रुपयांनी स्वस्त पडते. रिक्षा लावली तर हा फरक 2,000 वर येतो, आणि एवढ्याशा रकमेसाठी मंडळाची निवड बदलू नये, असे माझे मत आहे.

दोन्ही शाळांतल्या एका वरच्या इयत्तेच्या पालकांकडून गेल्या वर्षीच्या सगळ्या पावत्या पाहायला मागाव्यात. प्रवेशाच्या माहितीपत्रकात डिसेंबरचे खर्च सहसा नसतात.